सरासरी तारीख पहिल्या बिलाच्याही आधीची कशी निघते?

प्रश्न: जळगावला आमची छोटी दालमिल आहे. अमळनेरच्या एका व्यापाऱ्याकडून हरभरा घेतो, त्यांना डाळ-चुनी देतो. ३१ जुलै २०२५ चा त्यांचा उतारा आला. बाकी १ लाख, त्यावर १२ टक्क्यांनी १०,५५३ रुपये व्याज, आणि सरासरी तारीख १३ सप्टेंबर २०२४! आमचा पहिला व्यवहारच एप्रिल २०२५ चा आहे. ही चूक नाही का?

उत्तर:

नाही भाऊ, चूक नाही. मी उताऱ्यातले आकडे कागदावर मांडून पाहिले, हिशेब बरोबर आहे. पण तुमचं बुचकळ्यात पडणंही साहजिक आहे, कारण १३ सप्टेंबरला या हरभऱ्याची पेरणीसुद्धा झालेली नव्हती.

आधी नोंदी बघू. त्यांनी दिलेला माल असा: ६ एप्रिलचं ३ लाखांचं बिल, १५ दिवसांची मुदत, म्हणजे पैसे देणं आलं २१ एप्रिलला. दुसरं २६ एप्रिलचं २ लाखांचं, तेही १५ दिवसांच्या मुदतीचं, म्हणजे ११ मे. तुमच्याकडून त्यांना गेलं ते असं: ११ मेचं डाळ-चुनीचं १ लाखाचं बिल, ३० दिवस मुदत, म्हणजे १० जून. आणि ३० जूनला बँकेतून ३ लाख.

आता १ एप्रिल हा शून्य दिवस धरा. कुठलाही दिवस धरला तरी चालतं, उत्तर बदलत नाही. प्रत्येक रकमेला तिच्या देय तारखेपर्यंतच्या दिवसांनी गुणायचं. त्यांचे ३ लाख गुणिले २० दिवस म्हणजे ६० लाख, आणि २ लाख गुणिले ४० म्हणजे ८० लाख. एकूण १ कोटी ४० लाख. याला ५ लाखांनी भागलं की २८ दिवस येतात. म्हणजे त्यांचे पाच लाख सरासरी २९ एप्रिलला देणं होते. तुमच्या बाजूला १ लाख गुणिले ७० आणि ३ लाख गुणिले ९०, मिळून ३ कोटी ४० लाख. याला ४ लाखांनी भागलं की ८५ दिवस, म्हणजे २५ जून.

सगळी गोम इथेच आहे. त्यांचा पैसा २९ एप्रिलचा, तुमचा २५ जूनचा. त्यांच्या पाच लाखांपैकी चार लाख तुम्ही फेडले, पण ५७ दिवस उशिरा. त्या ५७ दिवसांचं चार लाखांवरचं व्याज कुणीतरी सोसलंच ना? ते बाकीच्या एक लाखाच्या अंगावर येतं. ४ लाख ५७ दिवस वापरणं आणि १ लाख २२८ दिवस वापरणं, व्याजाला दोन्ही सारखंच. म्हणून २९ एप्रिलपासून २२८ दिवस मागे जायचं, की १३ सप्टेंबर २०२४ येतो. थेट करायचं तर दोन्ही बाजूंच्या गुणाकारांची वजाबाकी, उणे २ कोटी, भागिले बाकी १ लाख, म्हणजे उणे २०० दिवस. १ एप्रिलच्या आधी २०० दिवस, तोच १३ सप्टेंबर. ही तारीख व्यवहार झाल्याची नाही. १ लाखावर व्याज कधीपासून लावलं म्हणजे सगळा उशीर भरून निघेल, एवढंच ती सांगते. दोन्हीकडून देणंघेणं असेल तर ती नोंदींच्या आधीही जाते आणि नंतरही.

मन मानत नसेल तर दिवसागणिक बाकी धरून ताळा करा. २१ एप्रिल ते ११ मे हे २० दिवस तुमच्याकडे ३ लाख होते. मग १० जूनपर्यंत ३० दिवस ५ लाख, ३० जूनपर्यंत २० दिवस ४ लाख, आणि ३१ जुलैपर्यंत ३१ दिवस १ लाख. गुणाकारांची बेरीज ३ कोटी २१ लाख. याला १२ ने गुणून ३६,५०० ने भागा, १०,५५३ रुपये येतात. तारखेवरूनही तेच: १३ सप्टेंबर ते ३१ जुलै ३२१ दिवस, १ लाखावर. खात्याच्या पद्धतीत प्रत्येक नोंद ३१ जुलैपर्यंत नेतात. त्यांची बेरीज ४ कोटी ६५ लाख, तुमची १ कोटी ४४ लाख, फरक पुन्हा तोच ३ कोटी २१ लाख. जुने मुनीम याला कटमिती म्हणतात.

खरी गडबड होते ती तारखा उचलताना. मागे एका व्यापाऱ्याने आम्हाला असाच उतारा पाठवला होता. त्याने स्वतःच्या मालाला बिलाची तारीख धरली होती आणि आमच्या मालाला मुदतीनंतरची. उतारा नीट छापलेला, बेरजा बरोबर, म्हणून दोन वर्षं आम्ही तसेच पैसे देत राहिलो. मला आजही त्याची हळहळ वाटते. तुमच्याच आकड्यांवर ती चूक केली तर व्याज १३,०१९ होतं, म्हणजे २,४६६ रुपये जास्त. म्हणून उतारा हातात आला की बेरीज पाहण्याआधी दोन्ही बाजूंच्या तारखा आपल्या बिलांशी लावून पाहा. मुदत धरायची तर दोन्हीकडे धरायची. चेक दिला असेल तर तो दिल्याचा दिवस धरायचा की वटल्याचा, हे आधीच बोलून घ्या.

व्याज अगदी गोल आकड्यात आलं तर वर्ष किती दिवसांचं धरलंय ते विचारा. ३६० दिवसांचं धरलं तर तुमचं व्याज बरोबर १०,७०० येतं. फरक १४७ रुपयांचाच आहे, पण तो दरवर्षी बसतो. दिवस मोजताना दोन्ही टोकं धरायची नाहीत, एकच धरायचं. २१ एप्रिल ते ११ मे हे २० दिवस, २१ नव्हेत. आणि एखाद्या बिलाची मुदत ३१ जुलैनंतर संपत असेल, तर तिचे दिवस उणे येतात. २० जुलैचं ३० दिवसांचं बिल १९ ऑगस्टला देय, म्हणून उणे १९. तो गुणाकार समोरच्या बाजूला धरायचा. हा भाग वह्यांत तांबड्या शाईने लिहायची पद्धत होती, आणि घाईत सुटतो तो हाच.

सरासरी तारीख मात्र दोन ठिकाणी उपयोगाची नाही. तुमचा दर १२ आणि त्यांचा १५ असा वेगवेगळा असेल, तर एकच तारीख दोन्ही दरांना पुरत नाही. दुसरं, ३० जूनला तुम्ही ३ ऐवजी ४ लाख भरले असते तर बाकी शून्य झाली असती, आणि शून्याने भागून तारीख निघतच नाही. तरी व्याज ९,५३४ रुपये लागलंच असतं, कारण पैसे उशिरा गेले ते गेलेच. बाकी अगदी थोडी, दहा-वीस हजार उरली असेल तरी तारीख कित्येक वर्षं मागे पळते आणि वाद होतो. अशा वेळी तारीख मागू नका, नोंदवार उतारा मागा: प्रत्येक रक्कम, तिची देय तारीख, ३१ जुलैपर्यंतचे दिवस आणि गुणाकार, दोन्ही बाजूंचे. तो तुमच्या खतावणीशेजारी ठेवला की कुठल्या ओळीत फरक आहे ते पाच मिनिटांत दिसतं.