छत्री आधी उन्हाची

प्रश्न: माझा ६ वर्षांचा मुलगा झोपताना विचारतो, छत्री पहिल्यांदा कोणी बनवली? ती उन्हासाठी होती की पावसासाठी? त्याला काय सांगू?

आमच्या नातवाने मे महिन्यात हेच विचारलं होतं. भुसावळची रात्र, गच्चीवर अंथरूण, आणि दुपारी त्याची आजी छत्री उघडून बाजारात गेली होती. "नाना, पाऊस नाही तरी छत्री का?"

आधी उन्हासाठी. बनवणाऱ्या एका माणसाचं नाव मात्र सांगता येत नाही. चीनमध्ये लू बान नावाच्या सुताराच्या बायकोने ती केली अशी गोष्ट सांगतात. मुलाला खुशाल सांगा, पण गोष्ट म्हणूनच. आजच्या इराकमधल्या अश्शूर राज्याच्या राजांची सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची दगडी चित्रं आहेत, त्यांत राजाच्या डोक्यावर सेवक छत्री धरून उभा दिसतो. छत्र म्हणजे राजाचा मान. आपल्याकडची अब्दागिरीही तशीच; तो शब्द फारसीतल्या 'आफताब'वरून, म्हणजे सूर्यावरून आला. इंग्रजी 'अंब्रेला'च्या मुळाशीही लॅटिन 'उंब्रा', म्हणजे सावलीच आहे.

ऊन आधी का, हे नातवाला बोलून पटेना. मग अंथरुणातच प्रयोग केला. वाटीवर जुना सुती रुमाल सैलसर पसरला आणि वरून बॅटरी मारली. वाटीत सावली पडली. मग रुमालावर तीन-चार चमचे पाणी ओतलं. ते झिरपून खाली आलं. सावलीला कुठलंही कापड चालतं, पावसाला चालत नाही, हे पोराने स्वतःच सांगितलं. नंतर वहीच्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती जोरात घासली. त्यावर पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळले. मेण लागायचं राहिलं होतं तिथे मात्र कागद ओला झाला, म्हणून एकही जागा सोडू नका. (पाणी थोडंच घ्या. आमची उशी भिजली.)

चिनी कारागिरांनी हेच केलं. कागदाला तेल किंवा मेण लावून बांबूच्या काड्यांवर पावसाची छत्री उभी केली.

नातवाला सर्वांत आवडला लंडनचा जोनास हॅनवे. 1750 च्या सुमारास तो पावसात छत्री घेऊन फिरायचा, तेव्हा तिकडे पुरुषाने छत्री धरणं हसण्यासारखं होतं. घोडागाडीवाले तर चिडायचे, कारण पाऊस म्हणजे त्यांच्या कमाईची वेळ. आपल्या रिक्षावाल्यांचा राग आठवा, मुलाला लगेच कळेल.

झोप लागता लागता शेवटचा प्रश्न आला, "मग दोन्हीला एकच नाव का?" फ्रेंचांनी दोन ठेवली आहेत, उन्हाची 'पारासोल' आणि पावसाची 'पाराप्लुई'. आपली छत्री संस्कृत 'छद्', म्हणजे झाकणे, यावरून आली. काय झाकायचं ते त्यात सांगितलेलंच नाही.