भोकं लहान निघाली, माल परत येतोय

*प्रश्न : टोकण यंत्राच्या पेटीचे 40 एबीएस ब्रॅकेट मी आर्वीच्या एका वर्कशॉपला थ्रीडी प्रिंट करून दिले, नगाला 450 रुपये. आठव्या दिवशी त्यांचा व्हॉट्सॲप आला, 8 मिमीचा बोल्ट जात नाही. भोक ड्रॉइंगमध्ये 8.4 आहे, माझ्या कॅलिपरवर 7.9 भरतं, दोन भोकांतलं अंतर 120 ऐवजी 119.2. त्यांनी 12 नगांची भोकं 9 च्या ड्रिलनं मोठी करून ते यंत्रांवर बसवले. आता बाकीचे 28 परत न्या म्हणतात, पैसा एक नाही. प्लास्टिक आकसतंच, यात माझी काय चूक?*

भाऊ, शेवटचं वाक्य त्यांना द्यायच्या उत्तरात लिहू नका. एबीएस आकसतं हे तुम्हाला आधीच माहीत होतं, म्हणून ते धरून छापणं तुमचंच काम. ड्रॉइंगप्रमाणे माल देण्याची अट मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 15 मध्ये गृहीतच असते आणि ती तुमच्याकडून मोडली.

तरी तुमची बाजू पडलेली नाही. ऑर्डर एकच होती आणि त्यातले 12 नग त्यांनी ड्रिल मारून वापरले. न तोडता येणाऱ्या सौद्यातला काही माल स्वीकारला, की कलम 13(2) प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर, उरलेला माल नाकारता येत नाही. नुकसान तेवढं मागता येतं, आणि कलम 59 प्रमाणे ते किमतीतून वळतं करता येतं. ते किती? 80 भोकांची ड्रिलिंग, भोकाला 10 रुपये धरले तर 800. म्हणजे तुमचे 17,200 निघतात.

"9 चं भोक चालतं का?" असा वाद येईल, तर त्याचं उत्तर त्यांच्याच 12 नगांत आहे. अंतर 0.8 मिमीनं कमी आहे. भोक 8.4 केलं तर बोल्टला दोन्ही भोकांत मिळून 0.4 चाच खेळ मिळतो, दुसरा बोल्ट अडतो. 9 केलं की खेळ 1 मिमी होतो आणि दोन्ही बसतात. 28 नग स्वतः ड्रिल करून देण्याची तयारी आजच लेखी कळवा. ड्रिल हळू फिरवा, एबीएस थरांतून चिरतं. 12 बसवलेल्या नगांचे फोटोही मिळवा.

ऑर्डरआधीची उद्यम नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. मात्र त्यांची तक्रार 15 दिवसांच्या आत आणि लेखी आली आहे, म्हणून ती दूर केल्याच्या दिवसापासूनच दिवस मोजा.

पुढच्या खेपेला दोन चुका वेगळ्या धरा. अंतरातली तूट लांबीबरोबर वाढते, तिला स्केल : 120 ला 119.2 नं भागा, एक्स-वाय 100.67 टक्के. भोकातली तूट त्यानं जात नाही, 7.9 चं जेमतेम 7.95 होतं. उरलेले 0.45 क्युरा स्लायसरमध्ये `Hole Horizontal Expansion` ला 0.22 देऊन भरा, कारण ते कडेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी लागतं. एक नग छापा, कॅलिपर लावा आणि त्याचा बोल्ट घातलेला फोटो गिऱ्हाईकाला पाठवून होकार आल्यावरच बाकीचे लावा.