मजकूर उतरवला तरी आवाज पुसू नका

प्रश्न: "अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गल्लीतल्या आणि भाऊबंदकीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय. मोबाईल भरत आलाय. मराठीत लिहून झालं की रेकॉर्डिंग डिलीट केलं तर चालेल का?"

नका करू, भाऊ. मी तेच केलं होतं आणि अजून हळहळतो.

वडिलांची आत्या बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलली होती, पूर्ण अहिराणीत. "दुष्काळात काय झालं?" विचारलं तेव्हा "लय हाल झाले" म्हणून गप्प बसली. मग विचारलं, "खडी फोडताना हाताला काय बांधायच्या?" तिथून तासभर थांबली नाही. चिंध्या, मुकादमाचं माप, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, सगळं आलं.

एका कार्यालयाकडून गावाची पुस्तिका निघणार होती. तिथल्या साहेबांनी सांगितलं, प्रमाण मराठीतच द्या, बोलीभाषा छापत नाही. मी "माले आठवस"चं "मला आठवते" केलं, "दुस्काय"चं "दुष्काळ" केलं, तासाभराचं बोलणं दोन पानांत बसवलं आणि जागा हवी म्हणून आवाज पुसला. पुस्तिका निघालीच नाही. दोन वर्षांनी आत्या गेली. आता त्या दोन पानांत माझंच मराठी आहे. ती कुठे थांबली, कुठला शब्द दोनदा म्हणाली, ते कशातच नाही. बोलीला अशुद्ध समजणाऱ्या माणसाच्या हाती आपली माणसं देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी काही अभ्यासक नाही, पण आता असं करतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकतो, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद, फोन हातभर अंतरावर घडी केलेल्या गोधडीवर. सुरुवातीला तारीख, गाव, नाव आणि "जपून ठेवू का, कुणाला ऐकवू का" हे त्यांच्याच तोंडून घेतो. त्याच रात्री मूळ फाईल पेन ड्राईव्हवर आणि दुसऱ्या एका घरच्या कॉम्प्युटरवर जाते. नाव असं:

`2023-05-14_atya_dushkal_01.m4a`

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लिहिताना आधी अहिराणी जशीच्या तशी, मराठी अर्थ खाली.

साल विचारू नका. "लग्न बहात्तरच्या आधी की नंतर?", "तापीला अडुसष्टचा पूर आला तेव्हा कडेवर कोण होतं?" असं विचारलं की साल आपोआप सापडतं. तरी एकाच माणसाच्या सांगण्यावर साल पक्कं धरू नका, माझं दोनदा चुकलंय.

आणि कानबाईला गावी थांबा. रोटांसाठी सगळी भाऊबंदकी जमते. विसर्जन झालं की ओट्यावर दोन म्हाताऱ्या शेजारी बसवा. एक चुकली की दुसरी लगेच टोकते, आणि ते टोकणंही रेकॉर्ड होऊ द्या.