टीडीएसची नोटीस आलीय ना, मग आधी घरमालकाला फोन लाव

अरे,

नोटिशीचा फोटो बघितला. घाबरून लगेच पैसे भरू नकोस. बाणेरच्या फ्लॅटचं भाडं ५५,००० म्हणजे महिन्याला ५०,००० च्या वर, त्यामुळे कलम १९४-आयबी प्रमाणे टीडीएस कापणं तुझंच काम होतं, पगारदार असलास तरी. वर्षातून एकदाच, मार्चच्या भाड्यातून कापायचा असतो. तू एचआरए पूर्ण क्लेम केलास, घरमालकाचा पॅन दिलास, पण त्या पॅनसमोर टीडीएस शून्य, तिथेच सापडलास.

२०२३-२४ चं भाडं ६,६०,००० आणि तेव्हाचा दर ५ टक्के (२ टक्के झाला तो ऑक्टोबर २०२४ पासून), म्हणजे ३३,०००.

आता आधी घरमालकाला फोन करून विचार, की काका तुम्ही हे भाडं रिटर्नमध्ये दाखवून टॅक्स भरलाय का? हो म्हणाले तर सीएकडून फॉर्म २६ए चं सर्टिफिकेट घ्यायचं, मग ते ३३,००० तुझ्याकडून वसूल होत नाहीत, फक्त व्याज लागतं, महिन्याला १ टक्का, तेही त्यांनी रिटर्न भरलं त्या तारखेपर्यंतच. जुलै २०२४ मध्ये भरलं असेल तर मार्च ते जुलै पाच महिने, म्हणजे १,६५०. अर्धवट महिनाही पूर्ण धरतात, लक्षात ठेव.

नाही म्हणाले किंवा टाळाटाळ केली तर मग त्यांना सांगून या जानेवारी २०२५ च्या भाड्यातून आणि पुढच्या एक-दोन भाड्यांतून ते ३३,००० वळते करून घ्यायचं ठरव, पण सरकारला मात्र आत्ताच भर. आयकर पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये २६क्यूसी हा फॉर्म निवडायचा, टॅन म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा नंबर लागत नाही, दोघांचे पॅन पुरतात. व्याज मार्च २०२४ ते जानेवारी २०२५ असं ११ महिन्यांचं, ३,६३०.

आणि या फॉर्ममध्येच लोक गडबडतात. ‘कपातीची तारीख’ म्हणून विचारतात तिथे बरेच जण मार्च टाकतात, कारण कापायला तेव्हा हवा होता ना! पण लेट फी कपातीच्या महिन्यानंतरच्या ३० दिवसांवरून मोजतात, रोज २०० रुपये. मार्च टाकलास तर १ मे पासून २० जानेवारीपर्यंत २६५ दिवस, ५३,००० होतात, मर्यादा टीडीएसच्या रकमेइतकी म्हणून ३३,००० वर थांबतात, म्हणजे टॅक्स डबलच की. तू मार्चमध्ये कापलाच नाहीस, मग खरी तारीख टाक, ज्या दिवशी कापतोयस ती.

भरल्यावर काही दिवसांनी ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवरून फॉर्म १६सी, म्हणजे टीडीएसचं सर्टिफिकेट, काढून काकांना दे, नाहीतर ते २६एएस बघून तुलाच फोन करत बसतील. एचआरए कमी करून रिटर्न दुरुस्त करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, भाडं खरंच दिलंयस, बँकेचे ट्रान्सफर आहेत.

काका एनआरआय नाहीत ना, तेवढं आधी विचार. असतील तर वरचं सगळं सोड, कलम वेगळं, टॅन काढावा लागतो, मग सरळ माझ्याकडे ये.