ब्लोअर बंद होईपर्यंत

अनेक आशीर्वाद.

रेडिओ केंद्राच्या शेवटच्या रात्रीची तुझी कथा दोनदा वाचली. तीन शेवट लिहिलेस आणि कुठला ठेवू असं विचारतेस. तिन्हीही नकोत. तिन्हींत तुझा इंजिनिअर रडतो, आणि त्या वेळी त्याच्या कानावर काय पडतं याचा पत्ताच नाही. मी अशा ट्रान्समीटर हॉलमध्ये एकतीस वर्षं रात्रपाळ्या केल्यात, म्हणून सांगतो: त्याला काय ऐकू येतं ते लिही.

आधी एक चूक काढ. रात्री दहा वाजता, कार्यक्रम चालू असताना, तो मास्टला मिठी मारतो असं तू लिहिलंयस. अगं, मीडियम वेव्हचा मास्ट हाच अँटेना असतो. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असलेला तो अख्खा लोखंडी सांगाडा चालू असताना जिवंत असतो. हात लावला की कातडी भाजते. मिठी मारायचीच असेल तर कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी लहर, बंद करून, खालच्या खोलीत जाऊन मास्ट अर्थ केल्यावर. आणि बघ, तीच मिठी मग किती वेगळी होते!

आता मुख्य गोष्ट. ‘त्याने स्विच दाबला आणि गावातले सगळे रेडिओ मुके झाले,’ हे तुझं सगळ्यात लाडकं वाक्य आहे, कळतं मला. पण तसं घडत नाही. निवेदिका शेवटचं बोलून थांबते तेव्हा रेडिओ मुका होतो. आवाज गेलेला असतो, पण कॅरिअर उभा असतो आणि त्याच्या आधाराने रेडिओ स्वच्छ गप्प बसतो. इंजिनिअर हाय टेन्शनचा, म्हणजे ट्रान्समीटरच्या जास्त दाबाच्या विजेचा, स्विच खाली ओढतो आणि कॅरिअरही जातो तेव्हा उलट होतं. समोरून काहीच येत नाही म्हटल्यावर रेडिओ आपली ताकद आपोआप वाढवत जातो आणि घरोघरी खरखर सुरू होते.

एवढ्यावरही ते थांबत नाही. दिवसा आकाशातला खालचा थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. त्याच फ्रिक्वेन्सीवरचं कुठलंतरी दूरचं केंद्र आजवर आपल्या कॅरिअरखाली दबलेलं असतं. ते त्या रात्री हळूहळू वर येतं. तुझ्या इंजिनिअरची बायको घरी रेडिओ चालू ठेवून जागी असेल, तर तिला शांतता नाही, परकी भाषा ऐकू येईल.

हॉलमध्ये मात्र त्याला यातलं काहीच ऐकू येत नाही. तिथला मॉनिटर आपल्याच ट्रान्समीटरचा नमुना घेऊन वाजतो, त्यामुळे ट्रान्समीटर गेला की तोही नुसता गप्प. उरतो तो ब्लोअर, ट्रान्समीटर गार ठेवणारा पंखा. जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये आधी हाय टेन्शन काढायचं, मग फिलामेंट, आणि ब्लोअर काही मिनिटं तसाच फिरू द्यायचा, कारण व्हॉल्व्ह अजून तापलेला असतो. तो उद्या लागणार नाही हे माहीत असूनही तुझा माणूस ती मिनिटं घड्याळ बघत काढेल. लॉगबुकात वेळ लिहील. तिथेच तुझी कथा आहे, आणि तू ती मिनिटं एका ओळीत उडवलीस! त्याला काय ऐकू येतं ते लिही, हे पुन्हा सांगतोय, कारण तू कान सोडून डोळ्यांच्या पाण्यामागे लागली आहेस.

मला राग का येतोय ते सांगतो. आमच्या केंद्राच्या शेवटच्या रात्री मी हॉलमध्ये नव्हतो. बाजूच्या खोलीत सामानाची यादी करत बसलो होतो. सकाळी ती सही करून द्यायचीच होती, दुसरं कोणी करणारं नव्हतं, आणि यादी चुकली असती तर जबाबदारी माझ्यावर आली असती. हे सगळं खरं आहे. स्विच मी धाकट्या सहकाऱ्याला काढायला सांगितला. भिंतीपलीकडून ब्लोअरचा सूर खाली उतरत गेलेला ऐकला आणि लिहिता लिहिता हात थांबला, तरी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी रखवालदार म्हणाला, “साहेब, रात्री आपल्या काट्यावर भलतंच कोणीतरी बोलत होतं.” ते मी ऐकायला हवं होतं. ट्रान्झिस्टर माझ्याच टेबलाच्या खणात होता.

तुझ्या माणसाला यादी करायला बसवू नकोस. त्याच्या खिशात ट्रान्झिस्टर दे. ब्लोअर थांबल्यावर त्याला तो सुरू करू दे, आणि काटा अजिबात हलवू देऊ नकोस.

आणि एक राहिलं. निघताना तो मास्टवरचा लाल दिवा लागलाय ना हे बघेल. केंद्र बंद झालं तरी मास्ट उभा आहे, वरून विमानं जातात, तो दिवा विझवून चालत नाही. नवीन खर्डा झाला की पाठव. टपालानेच पाठव, स्क्रीनवर मला आता नीट वाचता येत नाही.

तुझा,
काका