ॲपचा पासवर्ड बदलला म्हणजे कॅमेऱ्याचा बदलला, असे नाही

प्रश्न: घरात तीन वायफाय कॅमेरे आहेत. ॲपचा पासवर्ड बदलून चांगला लांब ठेवला आहे. एवढे पुरेसे आहे का? फर्मवेअर अपडेट करावे का, आणि कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाकून खरेच काही फरक पडतो का?

पुरेसे नाही. आपण जो पासवर्ड बदलला, तो बहुतेक कंपनीच्या सर्व्हरवरील आपल्या खात्याचा आहे. कॅमेरा म्हणजे एक छोटा लिनक्स संगणक असतो आणि त्याच्या स्वतःच्या आत आणखी काही खाती असू शकतात: एक ब्राउझरमधून उघडणाऱ्या सेटिंगच्या पानाचे, एक व्हिडिओ प्रवाहाचे, आणि काही कॅमेऱ्यांत टेलनेटचे, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या जुन्या सोयीचे. ही खाती एकमेकांशी जोडलेली असतीलच असे नाही.

माझ्याकडील एका कॅमेऱ्यात हेच निघाले. ॲपचा पासवर्ड मी पहिल्याच दिवशी बदलला होता. काही महिन्यांनी राउटरच्या यादीतून कॅमेऱ्याचा पत्ता घेऊन, त्याच नेटवर्कवरील लॅपटॉपवरून nmap या साधनाने मी त्याचे पोर्ट, म्हणजे संपर्काची दारे, तपासली.

```
nmap -p 23,80,554,2323 192.168.1.64
```

यात २३ आणि २३२३ टेलनेटचे, ८० सेटिंगच्या पानाचे आणि ५५४ व्हिडिओ प्रवाहाचे. (तुमच्या कॅमेऱ्याचा पत्ता वेगळा असेल, आणि तपासणी फक्त स्वतःच्या उपकरणांची करावी.) माझ्या बाबतीत २३, ८० आणि ५५४ या तिन्हींपुढे `open` आले. ८० वरील पानात `admin` हे नाव आणि रिकामा पासवर्ड चालला, आणि त्याच जोडीने व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये घराचे थेट चित्रही दिसू लागले. ॲपमधला माझा लांबलचक पासवर्ड या वाटेवर कोठेच आडवा आला नाही.

सेटिंगच्या पानावरून पासवर्ड बदलल्यावर ही दोन दारे बंद झाली. टेलनेटचे मात्र झाले नाही, कारण त्याचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेला होता आणि तो बदलण्याची सोय त्या पानावर नव्हती. २०१६ साली पसरलेला मिराई हा बॉटनेट, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांचे जाळे, नेमका अशाच दारांवर जगला. त्याच्याजवळ साठेक नाव-पासवर्डांची यादी होती आणि इंटरनेटवर टेलनेट उघडे दिसले की तो ती यादी आजमावून पाही. त्या यादीतल्या काही जोड्या फर्मवेअरमध्ये पक्क्या बसवलेल्या असल्यामुळे, मालकाने पानावरचा पासवर्ड बदलूनही कॅमेरा उघडाच राही. मिराई केवळ मेमरीत राहत असल्याने कॅमेरा बंद करून चालू केला की तो नाहीसा होई, पण दार उघडेच असल्यामुळे लवकरच पुन्हा लागण होई. म्हणून ‘रीस्टार्ट केले, आता ठीक आहे’ हे समाधान फसवे असते.

फर्मवेअर अपडेट करावेच, कारण पासवर्ड कितीही चांगला असला तरी काही चुका त्याला वळसा घालून जातात. हिकव्हिजन कंपनीच्या अनेक कॅमेऱ्यांत सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेली CVE-2021-36260 ही चूक तशी होती: ज्याला कॅमेऱ्याच्या वेब पोर्टपर्यंत पोहोचता येत होते, त्याला नाव किंवा पासवर्ड न देता आत आज्ञा चालवता येत होत्या. यावर नवे फर्मवेअर हाच खरा इलाज होता.

अपडेटबाबत दोन गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. ॲप ‘फर्मवेअर अद्ययावत आहे’ असे सांगते, तेव्हा त्याचा अर्थ फक्त एवढाच की कंपनीने यापुढचे काही दिलेले नाही. कंपनीने त्या मॉडेलकडे पाहणे दोन वर्षांपूर्वी थांबवले असले तरी संदेश तोच येतो. त्यामुळे आवृत्तीबरोबर तिची तारीख पाहावी. दुसरे असे की अपडेटनंतर कधीकधी सेटिंग मूळ अवस्थेत परततात. माझ्या त्या कॅमेऱ्यात नव्या फर्मवेअरने टेलनेट बंद केले, पण मी बंद केलेले UPnP पुन्हा चालू केले. UPnP चालू असले की कॅमेरा राउटरला सांगून स्वतःसाठी बाहेरून आत येणारी वाट उघडून घेऊ शकतो. म्हणून ते राउटरमध्येच बंद करावे, जुन्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या नोंदी काढून टाकाव्यात, आणि प्रत्येक अपडेटनंतर वरची तपासणी पुन्हा करावी.

आता गेस्ट नेटवर्क, म्हणजे राउटरवरचे पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय. त्याचा फायदा खरा आहे, परंतु तो कोणापासून कोणाला वाचवतो हे स्पष्ट हवे. कॅमेरा कोणाच्या ताब्यात गेलाच, तर तेथून तुमच्या लॅपटॉपकडे किंवा घरातल्या फाइल-साठ्याकडे जाण्याचा रस्ता गेस्ट नेटवर्क अडवते. कॅमेऱ्याचे चित्र त्याने सुरक्षित होत नाही, आणि ताब्यातला कॅमेरा इंटरनेटवर इतरांवर हल्ला करण्यापासूनही थांबत नाही, कारण त्याची बाहेरची वाट मोकळीच असते.

शिवाय हे विलगीकरण नावापुरते आहे की खरे, हे तपासून पाहावे लागते. फोन गेस्ट नेटवर्कवर जोडून मुख्य नेटवर्कवरील एखाद्या उपकरणाचे पान, समजा प्रिंटरचे, उघडून पाहा. उघडले, तर भिंत नाही. राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालत असेल, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम दुसरेच उपकरण करत असेल, तर अनेक राउटरांमध्ये गेस्ट नेटवर्क केवळ वेगळ्या नावाचे वायफाय उरते. जुना राउटर दुसरा म्हणून जोडून वेगळे नेटवर्क करणारे तर बहुतेक वेळा कॅमेरे आतल्या राउटरवर टाकतात, आणि येथे सगळे उलटते: आतल्या राउटरमागील उपकरणांना बाहेरच्या नेटवर्कपर्यंत जाता येते, बाहेरच्यांना मात्र सहजी आत येता येत नाही. म्हणजे अशा रचनेत कॅमेरे बाहेरच्या राउटरवर आणि घरातले लॅपटॉप व फोन आतल्या राउटरमागे हवेत.

राउटरमध्ये व्हीलॅनची, म्हणजे एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्के करण्याची, सोय असेल, तर मी कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र व्हीलॅन करून तीन नियम घालीन: मुख्य नेटवर्कने सुरू केलेला संपर्क कॅमेऱ्यापर्यंत जाऊ द्यावा, कॅमेऱ्याने सुरू केलेला मुख्य नेटवर्ककडे जाऊ देऊ नये, आणि कॅमेऱ्याला इंटरनेट मुळीच देऊ नये. तिसऱ्या नियमाची किंमत मोजावी लागते. कंपनीच्या ॲपमधून बाहेरून चित्र पाहता येणार नाही. रेकॉर्डिंग घरातल्या रेकॉर्डरवर ठेवून, बाहेर असताना राउटरवरील व्हीपीएनमधून घरात शिरावे लागेल. कॅमेऱ्याचे घड्याळही हळूहळू चुकू लागते, आणि चुकीची वेळ छापलेले चित्रण ऐन वेळी निरुपयोगी ठरू शकते, म्हणून राउटरलाच वेळेचा सर्व्हर करून त्याचा पत्ता कॅमेऱ्यात द्यावा. नवे फर्मवेअर मग संगणकावर उतरवून सेटिंगच्या पानावरून चढवावे. काही कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालूच होत नाहीत. त्यांना गेस्ट नेटवर्कवरच ठेवावे लागते, आणि असे कॅमेरे मी झोपण्याच्या खोलीत लावत नाही.

तुमच्या तीन कॅमेऱ्यांपैकी एखाद्यात टेलनेट उघडे सापडले आणि त्याच्यासाठी नवे फर्मवेअर मिळतच नसेल, तर इंटरनेट तोडून तो वेगळ्या नेटवर्कवर चालवता येतो का ते पाहा. तसे जमत नसेल, तर तो काढून टाका.