पहिल्या तीन सेकंदांत क्रियापद पोचले पाहिजे

प्रश्न: मी गोव्याविषयी एक मिनिटाचे माहितीपर व्हिडिओ करतो. आवाज चांगला आहे असे सगळे म्हणतात, पण बहुतेक लोक पहिल्या तीन सेकंदांतच पुढे सरकतात. निवेदनाची संहिता नेमकी कशी बदलावी? पार्श्वसंगीतही बदलू का?

उत्तर:

आवाज चांगला आहे हे ऐकून मला तरी दिलासा वाटला नसता, कारण लोक आवाजाचे कौतुक करतात तेव्हा त्यांच्या मनात मजकूर राहिलेला नसतो. आपला दोष बहुधा वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि लिहिताना आपण नामाच्या आधी विशेषणांची रांग लावतो. कागदावर ते शोभते, कारण वाचणाऱ्याची नजर मागेपुढे जाऊ शकते. ऐकणाऱ्याला मात्र क्रियापद येईपर्यंत थांबावे लागते, आणि बोट पडद्यावर असलेला माणूस थांबत नाही.

मी पणजीत निवेदनाचे काम करतो. एका संस्थेने खाजन शेतीवरच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून केलेल्या शेतीवरच्या, व्हिडिओसाठी मला संहिता पाठवली होती, तिचे पहिले वाक्य असे होते: ‘निसर्गसौंदर्याने नटलेल्या आणि समृद्ध सांस्कृतिक वारसा लाभलेल्या गोमंतभूमीत शेकडो वर्षांपासून खाजन शेतीची एक आगळीवेगळी परंपरा चालत आलेली आहे.’ हे वाक्य शांतपणे वाचले तर दहा सेकंदांहून अधिक वेळ घेते. मी ते घड्याळ लावून मोठ्याने वाचले आणि तिसरे सेकंद संपले तिथे कागदावर तिरपी रेघ मारली. रेघ ‘सांस्कृतिक’ या शब्दानंतर पडली. म्हणजे तीन सेकंदांत ऐकणाऱ्याला पाच शब्द मिळाले, पण कर्ता नाही, क्रिया नाही, आणि विषय शेतीचा आहे की देवळांचा, तेही कळले नाही. आपल्या प्रत्येक संहितेवर ही रेघ मारून पाहा. साधे, आखूड शब्द असतील तर तीन सेकंदांत सात-आठ बसतात. जोडाक्षरांचे समास वापरले तर पाचावरच गाडी थांबते.

संहिता दुरुस्त करताना मी त्या वाक्याला हातच लावला नाही, ते काढूनच टाकले. पूर्ण संहितेत शोधत गेलो, तेव्हा खरी गोष्ट खाली सहाव्या-सातव्या वाक्यात सापडली. नदीच्या बांधात बसवलेले मानसाचे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचे, लाकडी दार माणसाने हात न लावता उघडते आणि मिटते, आणि त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. बहुतेक संहितांत चांगले वाक्य असेच मध्ये कुठेतरी दबलेले असते, कारण लिहिणारा आधी लेखणी तापवून घेतो आणि मग मुद्द्यावर येतो. मी नवी सुरुवात केली ती अशी: ‘हे दार भरती लावते आणि ओहोटी उघडते.’ ती पावणेतीन सेकंदांच्या आत संपते, आणि पहिले क्रियापद तर दीड सेकंदाच्या आसपासच येऊन जाते. ‘मानस’ आणि ‘खाजन’ हे शब्द मी मुद्दाम पुढच्या वाक्यांसाठी ठेवले. दिवाडी-चोडणच्या माणसाला ते ठाऊक असतात, पण नागपूरचा माणूस अनोळखी नावावर अडखळतो, आणि अडखळण्यासाठी पहिली तीन सेकंदे फार महाग आहेत.

इथे संस्थेच्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांशी माझा वाद झाला, आणि खरे सांगायचे तर हे उत्तर मी त्या वादासाठीच लिहीत आहे. त्यांचे म्हणणे असे की नमस्कार, संस्थेचे नाव आणि भूमीचे वर्णन यांवाचून निवेदन सुरू करणे मराठीच्या भारदस्तपणाला शोभत नाही. दुसऱ्या टोकाला त्यांचा तरुण संकलक होता, त्याला ‘या दाराचे रहस्य ऐकून तुम्ही थक्क व्हाल’ असे हवे होते. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे: दोघेही सांगण्याऐवजी ‘आता सांगणार आहोत’ असे सांगतात. ‘तुम्हाला माहीत आहे का’ ही सुरुवातही त्याच जातीची, कारण ती दीड सेकंद खाते आणि देत काहीच नाही. उलट ‘हे दार भरती लावते’ या वाक्यात माहितीही आहे आणि ‘ते कसे?’ हा प्रश्नही ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर चौथ्या सेकंदाला सुरू झाले पाहिजे, म्हणून माझे दुसरे वाक्य होते: ‘बाहेरून भरतीचे खारे पाणी फळ्यांवर दाब देते आणि दार घट्ट बसते, ओहोटीला आतले पाणी त्याच फळ्या बाहेर ढकलते.’ यात भारदस्तपणा कुठे कमी पडला, ते मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

‘हे’ म्हणायचे तर पडद्यावर दार दिसले पाहिजे. त्यांच्याकडे मांडवीचे ड्रोनने घेतलेले सुंदर दृश्य होते आणि तेच आधी लावायचा त्यांचा आग्रह होता, पण मग ‘हे दार’ म्हणताना समोर नदी दिसली असती. शेवटी चित्रण करणाऱ्याला पाणी पालटण्याच्या वेळेला बांधावर पुन्हा जावे लागले. भरती-ओहोटी साधारण सहा तासांनी पालटते, त्यामुळे वेळ पाहून गेले तरच फळ्या हलताना मिळतात. ज्यांच्या फोनचा आवाज बंद असतो त्यांच्यासाठी पडद्यावर पूर्ण वाक्य न लिहिता ‘भरती दार लावते’ एवढेच मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि तेही अगदी तळाशी नाही, कारण तिथे अॅपची बटणे आणि मजकूर येतो.

वाचनाचीही एक खोड आहे. बहुतेक निवेदक पहिला शब्द दबक्या आवाजात उचलतात आणि तिसऱ्या शब्दाला पूर्ण स्वर लावतात. त्यावर उपाय म्हणजे ध्वनिमुद्रण करताना खऱ्या वाक्याच्या आधी एखादे फालतू वाक्य त्याच जोमात म्हणावे आणि नंतर ते कापून टाकावे. कापताना पहिल्या अक्षराआधीचा श्वास आणि शांतताही काढावी. संगीताविषयी विचारलेत, तर ते पहिले वाक्य संपल्यावर सुरू करा. कोणते ते गौण आहे.

बदल लागू पडला की नाही हे आकड्यांतून पाहता येते. यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये किती जणांनी पाहिले आणि किती जणांनी सरकवले याचे प्रमाण दिलेले असते, आणि प्रेक्षक कुठे गळतात त्याची रेषाही असते. रेषा पहिल्याच सेकंदात कोसळत असेल तर वाक्याला दोष देऊ नका, तेवढ्यात कोणतेही वाक्य पुरे होत नाही. दोष चित्राचा आहे. ती चौथ्या-पाचव्या सेकंदाला कोसळत असेल तर पहिल्या वाक्याने आणलेला माणूस दुसऱ्या वाक्याने घालवला, असे समजावे.

हे सारे अनोळखी प्रेक्षकासाठी आहे, हेही नमूद केले पाहिजे. गावच्या जत्रेचा किंवा श्रद्धांजलीचा व्हिडिओ आपल्याच माणसांसाठी असेल तर नमस्काराने सुरुवात करायला माझी हरकत नाही. मात्र त्या पदाधिकाऱ्यांचा व्हिडिओ तसा नव्हता. संस्थेचे नाव शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात लिहून आणि अखेरच्या वाक्यात उच्चारून आम्ही तडजोड केली. ते आजही मला भेटले की गोमंतभूमीचे वर्णन गाळल्याची तक्रार करतात.